कोर्टातलं 'चारित्र्य' म्हणजे नेमकं काय?

मराठीच्या बाई: आमच्या दारव्हा तालुक्यात विहिरीवरच्या मोटारीचा खटला चालू आहे. भंगाराचा धंदा करणाऱ्या एकाच्या टपरीमागे एका शेतकऱ्याची पाच एचपीची मोटार सापडली. साक्षीत पोलीस पाटलांना विचारलं, "आरोपीचं चारित्र्य कसं आहे?" पाटील म्हणाले, "तसलं काही नाही साहेब, घरी बायको-लेकरं आहेत." सगळे हसले. पण त्यात पाटलांची चूक काय? गावात चारित्र्य हा शब्द बाईच्या भानगडीपुरताच उरला आहे. कोर्टात त्याचा अर्थ काय धरतात?

कापूसवाला: चारित्र्य म्हणजे जुनी पापं. अन् ती कोर्टात काढताच येत नाहीत, हे मले पक्कं ठाऊक आहे. मागच्या साली याच माणसाले चोरीच्या केबलसाठी सजा झाली होती, तरी वकील बोलू देत नाही. काहून?

जुना शिरस्तेदार: पहिलं अर्धं चुकलं, दुसरं अर्धंच खरं. कोर्टात चारित्र्य म्हणजे दोन गोष्टी एकत्र: माणसाचा लौकिक आणि त्याचं वळण. चार लोक त्याला काय समजतात, आणि तो मुळात कसा आहे. सुट्या घटना त्यात बसत नाहीत. "शाळेला पंखा दिला" हे चांगलं चारित्र्य म्हणून सांगता येत नाही, तसंच "पोळ्याच्या दिवशी भांडला" हे वाईट म्हणून सांगता येत नाही. जुन्या शिक्षेपुरता मात्र वेगळा नियम आहे.

आता नियमाची दिशा पाहा. आरोपी आपलं चांगलं चारित्र्य पुढे आणू शकतो, सरकार पक्षाला वाईट चारित्र्य आधी काढता येत नाही. ते फक्त उत्तरादाखल येतं. 1872 च्या पुरावा कायद्यात हे कलम 53 आणि 54 होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 47 आणि 49 झालं. तेव्हा बचावाच्या वकिलाने पाटलांना "हा सचोटीचा माणूस म्हणून ओळखला जातो ना?" असं विचारलं आणि पाटील "हो" म्हणाले, की सरकारी वकील केबलच्या शिक्षेची प्रमाणित प्रत काढणार. शिक्षेची, बरं का. नुसता गुन्हा दाखल असल्याने किंवा सुटलेल्या केसने ते काम होत नाही.

मराठीच्या बाई: म्हणजे सरकारी बाजूने आधीच "चारित्र्य कसं" असं विचारणं मुळात गैर होतं?

जुना शिरस्तेदार: तुमच्या खटल्यात प्रश्न कुणी विचारला त्यावर आहे. न्यायाधीशांनी थांबवला नाही म्हणून तो बरोबर ठरत नाही.

चॅप्टरवाल्याचा भाऊ: हे सगळं पुस्तकातलं. माझ्या भावावर चॅप्टर केस झाली, तेव्हा चार साक्षीदार "गावात दहशत आहे" एवढंच सांगून गेले आणि बाँड लिहून घेतला. तिथं लौकिक कसा चालला?

जुना शिरस्तेदार: तो खटला नव्हता, चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्याची कारवाई होती. तिथे माणूस सराईत आहे का हाच मुद्दा असतो, म्हणून सार्वत्रिक लौकिकाचा पुरावा कायद्यानेच चालवलाय. बरा की वाईट, ते वेगळं.

कापूसवाला: बरं, पण टपरीमागं आणखी चार मोटारी सापडल्या, चार गावच्या, नंबरपट्टी घासलेल्या. त्याही लपवायच्या?

जुना शिरस्तेदार: लपवायच्या नाहीत. इथेच लोक गोंधळतात. त्याच्यावर आरोप चोरीचा माल जाणूनबुजून ठेवल्याचा आहे, आणि तो म्हणतो, "भंगार म्हणून घेतली, मला काय ठाऊक." आता त्याला ठाऊक होतं का, हाच प्रश्न उरला. एक मोटार चुकून येऊ शकते, पाच घासलेल्या पट्ट्या चुकून येत नाहीत. म्हणून त्या चार मोटारी नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम 12 खाली येतात. त्याच्या वळणाबद्दल त्या काही सांगत नाहीत, या मोटारीबाबत त्याच्या मनात काय होतं ते दाखवतात. पण समजा आरोप त्याने स्वतः रात्री केबल कापून मोटार उचलल्याचा असता, तर "तो असाच आहे" म्हणून त्याच मोटारी दाखवून भागलं नसतं.

आणि एक फजिती नेहमी होते. त्या चारही मोटारी चोरीच्या होत्या हे आधी सिद्ध करावं लागतं. मालक येऊन ओळख पटवत नाहीत, पट्टी नसल्यावर वाइंडिंग बघून ओळखतो म्हणतात आणि उलटतपासणीत अडकतात. दोन तरी मालक ठामपणे उभे राहिले पाहिजेत, नाहीतर ते नुसतं लोखंड.

मराठीच्या बाई: मग पाटलांना विचारताना "लौकिक" म्हणायला हवं होतं, असं मला वाटतं. "गावात याचं नाव कसं आहे?" हे तर त्याहून सरळ.

कापूसवाला: नाव म्हटलं तर पाटील बापाचं नाव सांगतील.

जुना शिरस्तेदार: लौकिकात वळण येत नाही, हीच अडचण. आमचा एक लेखनिक जबानीत "चालचलन" लिहायचा आणि साहेब ते खोडून "चारित्र्य" करायचे. मला अजून चालचलनच बरं वाटतं.

चॅप्टरवाल्याचा भाऊ: आमच्या बाँडवर "चांगली वर्तणूक" लिहिलं होतं. ते कोणत्या खात्यात?