किचनचा रंग : डाग लपावेत, पण उजेड राहावा

मानसी, बी-७०३ : नमस्कार 🙏 स्वयंपाकघराचं काम काढलंय. सोमवारी सुताराला लॅमिनेटचा नंबर सांगायचाय. काळा ग्रॅनाइटचा ओटा तसाच ठेवणार आहोत. खिडकी डक्टकडे उघडते, दुपारीही दिवा लावावा लागतो, म्हणून मला सगळं पांढरंशुभ्र हवंय. सासूबाई म्हणतात, दोन महिन्यांत पिवळं पडेल, गडद चॉकलेटी घे. कोणी अलीकडे केलंय का?

नीलेश, सी-५०४ : वहिनी, आम्ही गेल्या वर्षी पांढऱ्या टाइल्स लावल्या. टाइल अजून चकचकीत आहे, पण गॅसमागचे जॉइंट पिवळे झालेत. कितीही घासा, जात नाहीत.

शोभाकाकू, ए-२०२ : मानसी, नीलेशने नेमकं सांगितलं. चकचकीत टाइलच्या काचेसारख्या थरात हळद शिरत नाही. शिरते ती जॉइंटमध्ये, कारण पांढरं सिमेंट सच्छिद्र असतं आणि फोडणीचं तेल हळदीसकट पिऊन टाकतं. त्यामुळे टाइलचा रंग ठरवतानाच जॉइंटचा रंगही ठरव. गॅसमागे इपॉक्सी भरून घे, बाकी भिंतीला साधं ग्राउट चालेल. इपॉक्सी महाग पडतं, पण तेल पीत नाही. रंग टाइलपेक्षा एक छटा गडद, बिस्किटी घे.

आता रंगाचं. आपल्याकडे डाग दोन जातींचे असतात. गॅसजवळ तेल-हळदीचे, म्हणजे पिवळे-तपकिरी. सिंकजवळ बोअरच्या पाण्याचे, म्हणजे पांढुरके. पांढऱ्यावर पहिले दिसतात, गडद चॉकलेटीवर दुसरे, शिवाय पिठाचे हातही. म्हणून तुझंही थोडं खरं आणि सासूबाईंचंही. मधला रंग घ्यायचा : टाइल क्रीम किंवा फिकट बिस्किटी, अंगातच बारीक शिरा किंवा ठिपके असलेली. एकसारख्या सपाट रंगावर शिंतोडा उठून दिसतो, शिरांमध्ये तो मिसळून जातो.

मानसी, बी-७०३ : पण काकू, क्रीमने अंधार होणार नाही ना?

शोभाकाकू, ए-२०२ : उजेड डोळ्यांच्या उंचीवर आणि त्याच्या वर लागतो. वरची कपाटं ऑफ-व्हाइट ठेव, छत पांढरं. तिथे हळदीचे हात कमी लागतात. खालच्या कपाटांना मध्यम लाकडी रंग, रेषा असलेला, मॅट फिनिशमध्ये. ओल्या हाताने आपण दिवसभर खालचेच शटर उघडतो. चकचकीत गडद शटरवर प्रत्येक बोट उमटतं. टाइल मात्र चकचकीत आणि सपाट घे, ओट्यावरचा उजेड परत फेकते आणि एका फडक्यात पुसली जाते. खोलगट नक्षीच्या टाइल्स दुकानात फार गोड दिसतात, पण त्या खाचांत तेल आणि धूळ बसून चिकट थर होतो. तो ब्रशनेच काढावा लागतो.

नीलेश, सी-५०४ : आणि वहिनी, दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवू नका. आम्ही तिथे क्रीम म्हणून पसंत केलेलं घरी पिवळट दिसलं. आमच्या घरात ३००० केल्विनचा पिवळा दिवा होता. ४००० चा लावल्यावर ठीक झालं. वरच्या कपाटाखाली पट्टीचा दिवा लावा, नाहीतर ओट्यावर आपलीच सावली पडते.

शोभाकाकू, ए-२०२ : एक कर. दुकानातून टाइलचा आणि लॅमिनेटचा तुकडा माग. त्यावर तेलात कालवलेली हळद लाव, शेजारी नळाच्या पाण्याचे चार थेंब टाक. रात्रभर ठेव, सकाळी साबणाच्या पाण्याने पूस. पुसताना हळद लालसर झाली तर घाबरू नकोस, साबणाने तसंच होतं. पिवळी छटा उरलीच तर तुकडा दिवसभर उन्हात ठेव, ती उडते. पण तुझ्या किचनमध्ये ऊन येत नाही, त्यामुळे सकाळी जे उरेल तेच खरं धर.

मानसी, बी-७०३ : (रविवार) काकू, केलं! तीन लॅमिनेट, दोन टाइल्स. पांढऱ्या मॅट लॅमिनेटवर पुसल्यावरही लिंबाएवढा पिवळा गोल राहिला. गडद चॉकलेटीवर हळद दिसली नाही, पण पाण्याचे चारही थेंब पांढऱ्या कड्यांसारखे वाळले. फिकट सागवानी रंगावर दोन्ही शोधावे लागले. सासूबाईंनी स्वतः चष्मा लावून पाहिलं, त्यांनाही तोच आवडला 😊 खाली सागवानी, वर ऑफ-व्हाइट, टाइल क्रीम शिरांची.

शोभाकाकू, ए-२०२ : छान. टाइल्सची एक पेटी जास्त घेऊन ठेव. पुढे नळाचं काम निघून एखादी फोडावी लागली, तर त्याच छटेची नंतर मिळेलच असं नाही.

मानसी, बी-७०३ : आत्ताच दुकानात फोन करते.