तिसरा महिना चालू आहे, आता पॉलिसी घ्यावी का? (सोसायटी ग्रुप)

निखिल, बी-204: नमस्कार मंडळी. आनंदाची बातमी आहे, सौ.ला तिसरा महिना चालू आहे. एजंट म्हणतो आत्ता मॅटर्निटीवाली पॉलिसी घ्या, सगळं कव्हर होतं. घेऊ का?

देशपांडे काका: अभिनंदन रे! घेऊन टाक, पॉलिसी कधीही वाया जात नाही.

मेघनाताई, ए-501: अभिनंदन निखिल! काका, थांबा जरा. मी बरीच वर्षं क्लेम डेस्कवर काढली आहेत, हा प्रश्न तिथे नेहमी यायचा. अशा पॉलिसीत प्रसूतीसाठी वेटिंग पिरियड असतो, तेवढ्या काळात प्रसूतीचे पैसे मिळत नाहीत. कुठे 9 महिने, कुठे 2 वर्षं, कुठे त्याहून जास्तही. तो पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजतात. तुमच्याकडे उरलेत सहा महिने, म्हणजे सगळ्यात छोटा वेटिंगही पुरा होत नाही. शिवाय फॉर्मवर गरोदर आहे का हे विचारतात. ते लपवलं तर पुढे दुसऱ्या आजाराचा क्लेमसुद्धा अडकू शकतो. एजंटला फक्त एवढंच विचार, ‘या प्रसूतीचे पैसे मिळतील असं ईमेलवर लिहून देता का?’

निखिल: लगेच विचारलं. ‘फोनवर बोलू’ म्हणाला 😐

मेघनाताई: मग उत्तर मिळालं. आता तुमच्या दोघांच्या ऑफिसची ग्रुप पॉलिसी बघ. तिच्यात हा वेटिंग बऱ्याचदा माफ केलेला असतो.

निखिल: माझ्या ऑफिसची आहे, सौ.चं नाव त्यात आहे. नॉर्मलला 50 हजार, सिझेरियनला 60 हजार. पण विमा तर 5 लाखांचा आहे ना?

मेघनाताई: 5 लाख आजारपणासाठी. प्रसूतीची मर्यादा त्यातच, पण वेगळी लिहिलेली असते. तपासण्या, सोनोग्राफी यांचे पैसे एकतर मिळत नाहीत किंवा याच 60 हजारांतून जातात. एक अपवाद लक्षात ठेव. गर्भ नळीत राहिला, म्हणजे एक्टोपिक असेल, तर तो सहसा साध्या आजारपणात धरतात आणि ही मर्यादा लागत नाही. तसं काही होऊ नये, पण डेस्कवरच्या नवख्या माणसाने ‘मॅटर्निटी’ असा शिक्का मारला तर भांडता आलं पाहिजे.

स्वप्ना, सी-103: हॉस्पिटलचं एस्टिमेट घेतलंस का?

निखिल: घेतलं. दोघींच्या खोलीत सिझेरियन 1 लाख 20 हजार, स्वतंत्र खोलीत 1 लाख 60 हजार. खोलीचं भाडं दिवसाला दोन हजारच जास्त आहे आणि चारच दिवस राहायचं. मग 40 हजार कसले वाढले?

मेघनाताई: इथेच लोक फसतात. बऱ्याच ठिकाणी खोलीचा वर्ग बदलला की सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, सगळ्यांचे दर बदलतात. भाड्याचे वाढले 8 हजार, बाकीचे 32 हजार तिथे गेले. विमा दोन्हीकडे 60 हजारच देणार. म्हणजे साध्या खोलीत खिशातून 60 हजार, स्वतंत्र खोलीत 1 लाख.

देशपांडे काका: आणि पॉलिसीतली भाड्याची मर्यादा ओलांडली म्हणून विमा कंपनी बिल कापते, ते?

मेघनाताई: बरोबर, काका. पण इथे कापूनही रक्कम 60 हजारांच्या वरच राहील, त्यामुळे फरक पडत नाही. नॉर्मलचं छोटं बिल असेल तेव्हा मात्र ती कपात बोचते. निखिल, हिशोब सिझेरियनचाच धर, नॉर्मल झाली तर पैसे उरतील. आणि कॅशलेस असलं तरी डिपॉझिट मागतात, ते हाताशी असू दे.

स्वप्ना: बाळाचं काय? आमच्याकडे बाळाला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, ठेवावं लागलं होतं, तेव्हा प्रसूतीपेक्षा तेच बिल मोठं झालं.

मेघनाताई: मुख्य प्रश्न हाच आहे. निखिल, पॉलिसीत ‘नवजात बाळ पहिल्या दिवसापासून’ असं आहे का बघ. असेल तर एनआयसीयूचा खर्च त्या 60 हजारांत न जाता सहसा 5 लाखांतून जातो. काही पॉलिसी बाळाला 91व्या दिवसापासूनच घेतात, मग तो सगळा खर्च तुमचा. आणि पहिल्या दिवसापासून असलं तरी जन्माची सूचना ठरलेल्या मुदतीत एचआरला द्यावी लागते. त्या धावपळीत हे राहून जातं, म्हणून ईमेल आधीच लिहून ठेव, तारीख तेवढी भरायची.

निखिल: ताई, अजून एक. मला दुसऱ्या कंपनीची ऑफर आहे, दोन महिन्यांनी जॉइन व्हायचं.

मेघनाताई: अरे, हे आधी सांगायचं! जुनी ग्रुप पॉलिसी साधारण शेवटच्या दिवशी संपते. सही करण्याआधी नव्या एचआरला तीन गोष्टी लेखी विचार. मॅटर्निटीचा वेटिंग माफ आहे का, बायकोचं नाव जॉइन होताना लगेच चढतं का, आणि बाळ कोणत्या दिवसापासून. आधीच गरोदर असल्याचं स्पष्ट लिही.

निखिल: आजच पाठवतो. सौ.च्या ऑफिसचीही पॉलिसी आहे म्हणे, तिच्यात 40 हजार.

मेघनाताई: मग आधी एकीकडे क्लेम कर आणि उरलेल्या रकमेसाठी दुसरीकडे अर्ज टाक. पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर आणि हॉस्पिटलने शिक्का मारलेल्या बिलांच्या प्रती लागतील, डिस्चार्जच्या दिवशीच मागून घे.