मदत हवी आहे: नवीन व्हिडिओ दोनशे व्ह्यूजवर अडकतो, पुढे जातच नाही

रेघोटी
नवीन व्हिडिओ टाकला की तासाभरात दोनशेच्या आसपास व्ह्यूज येतात आणि मग एकदम थांबतात. एकच व्हिडिओ तीनदा टाकून झाला, तरी तेच. आधी थोड्या लोकांना दाखवून बघतात आणि मग पुढे ढकलतात, एवढं ऐकून आहे. ती थोडी माणसं कोण ठरवतं आणि त्यांच्यातून पार कसं व्हायचं? कृपया लवकर सांगा, आज रात्री पुन्हा टाकायचा आहे.

चौकसबुद्धी
कुठलं ॲप? व्हिडिओ किती सेकंदांचा? कशावर आहे? फॉलोअर किती? काहीच सांगितलेलं नाही, उत्तर काय देणार?

पहिलातास
याला दोनशेचा तुरुंग म्हणतात. पहिल्या तासात ठरावीक लाईक आले नाहीत तर दार बंद. मी टाकल्या टाकल्या पंचवीस मित्रांना लिंक पाठवतो, सगळे लाईक करतात. तुम्हीही करून बघा.

रेघोटी
छोट्या व्हिडिओंचं ॲप आहे, त्याने काय फरक पडतो? व्हिडिओ ४२ सेकंदांचा, पेन्सिलीने डोळा कसा काढायचा यावर. फॉलोअर ३,४०० आहेत. म्हणूनच राग येतो, निदान तेवढ्यांनी तरी बघायला हवा ना!

नमुनापाहणी
रेघोटी, आज रात्री टाकू नका. आधी तिन्ही वेळचे आकडे द्या: एकूण व्ह्यूज, त्यात फॉलोअर किती, पहिल्या तीन सेकंदांत किती जण निघून गेले आणि शेअर किती.

पहिलातास, ठरावीक लाईकचं दार असतं हे मला पटत नाही. इन्स्टाग्रामने एप्रिल २०२४ मध्ये हा क्रम स्वतःच जाहीर केला होता. रील आवडेल असा अंदाज असलेल्या छोट्या गटाला आधी दाखवतात, मग ते फॉलो करत असोत वा नसोत. त्यातल्या चांगल्या चाललेल्या रील थोड्या मोठ्या गटाला, त्यातल्या उत्तम त्याहून मोठ्या गटाला, असं पुढे. म्हणजे तुमची तुलना त्याच वेळी चाचणीत असलेल्या इतर व्हिडिओंशी होते. दोनशे हा आकडा वारंवार दिसतो, कारण बहुतेक व्हिडिओ पहिल्याच टप्प्यात थांबतात.

आणि मित्रांचं म्हणाल तर ते लाईक करून चार सेकंदांत बाहेर पडतात. चित्रकलेशी संबंध नसलेल्या पंचवीस जणांनी व्हिडिओ अर्धवट सोडला, हीच नोंद मागे राहते.

पहिलातास
माझे मित्र पूर्ण बघतात. आणि माझे व्हिडिओ चालतातही. पुस्तकी बोलण्यापेक्षा अनुभव महत्त्वाचा.

नमुनापाहणी
मित्र खरंच पूर्ण बघत असतील तर थोडा उपयोग होत असेल, नाकारत नाही. पण त्यांनी न बघता कधी चाललाय का, हे तुम्ही तपासलंय?

दुकानमांडणी
चाचणी गटासाठी वय आणि आवड निवडून दोन जाहिराती समोरासमोर चालवा, जी स्वस्तात क्लिक आणेल ती ठेवा. मी नेहमी असंच करते.

चौकसबुद्धी
ताई, ते पैसे देऊन चालवायच्या जाहिरातींचं झालं. इथे गट ॲप निवडतं, रेघोटींच्या हातात काही नाही.

रेघोटी
हे घ्या आकडे.
पहिल्यांदा: व्ह्यूज २१२, त्यात फॉलोअर १७१, तीन सेकंदांत गेले १३१, शेअर ३.
दुसऱ्यांदा: व्ह्यूज १८८, फॉलोअर १५०, गेले ११८, शेअर एकही नाही.
तिसऱ्यांदा: व्ह्यूज २३१, फॉलोअर १८४, गेले १४३, शेअर ५.
तिसऱ्यांदा शेअर वाढले, म्हणजे सुधारणा आहे ना? म्हणूनच चौथ्यांदा टाकणार होतो.

नमुनापाहणी
नाही, शेअरवरून काहीच ठरत नाही. दोनशे माणसांत सरासरी तीन-चार शेअर होत असतील, तर कधी शून्य, कधी सात येणं हा निव्वळ योगायोग असू शकतो. पण तीन सेकंदांत गेलेल्यांचं प्रमाण बघा: ६२ टक्के, ६३ टक्के, ६२ टक्के. दोनशेच्या गटात हे प्रमाण योगायोगाने सहा-सात टक्क्यांनी इकडे-तिकडे होऊ शकतं, तरी तिन्ही वेळा ते जागचं हललं नाही. तुम्ही एकच चाचणी तीनदा घेतलीत आणि तीनदा तेच उत्तर आलं. चौथ्यांदा वेगळं का येईल?

मला खटकतंय ते दुसरंच. दर पाच प्रेक्षकांत चार तुमचेच फॉलोअर आहेत, आणि तरीही ते इतक्या लवकर जातायत. हे ३,४०० लोक कशामुळे आले होते?

रेघोटी
ते सांगायचं राहिलं. आधी या खात्यावर मी आमच्या मांजरीचे व्हिडिओ टाकायचो, दोन वर्षं. चित्रकला गेल्या महिन्यापासून सुरू केली.

चौकसबुद्धी
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं!

नमुनापाहणी
मग चित्र बरंच स्पष्ट झालं. नवा व्हिडिओ कोणाला आवडेल याची ॲपला फारशी माहिती नसते, म्हणून गट निवडताना ते खात्याच्या जुन्या प्रेक्षकांचा आधार घेतं. ती माणसं मांजर बघायला आली होती. त्यांना डोळ्याचं रेखाटन दाखवलं, ती सरकली, आणि ॲपने व्हिडिओच कंटाळवाणा समजून थांबवला. चित्र शिकणाऱ्यांपर्यंत तो पोचलाच नाही.

ॲपमध्ये फॉलोअरना वगळून व्हिडिओ आजमावायची सोय असेल तर ती वापरा. इन्स्टाग्रामने डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायल रील्स नावाने ती आणली: रील आधी फॉलो न करणाऱ्यांना दाखवतात, साधारण चोवीस तासांत पहिले आकडे मिळतात, आणि ७२ तासांत चांगली चालली तर आपोआप सगळ्यांना खुली करायचा पर्यायही असतो.

पाटीकोरी
सरळ नवीन खातं उघडा. मी तेच केलं, जुनं ओझं नको.

नमुनापाहणी
तोही मार्ग आहे. पण कोऱ्या खात्याबद्दल ॲपला आणखी कमी माहिती असते, त्यामुळे सुरुवातीचा गट जास्तच आंधळेपणाने निवडला जाऊ शकतो. मी आधी आजमावून बघेन.

रेघोटी (पाच दिवसांनी)
तशी सोय आमच्या ॲपमध्येही निघाली. फक्त फॉलो न करणाऱ्यांना दाखवला: व्ह्यूज २६०, तीन सेकंदांत गेले ९९. म्हणजे ३८ टक्के! आधी सुरुवातीला मी कोरा कागद दाखवायचो, या वेळी पूर्ण झालेला डोळा आधी दाखवला आणि मग पहिली रेघ. पण तरीही २६० वरच थांबलाय.

पहिलातास
बघा, सुरुवात बदलल्यामुळे फरक पडला. फॉलोअरचा संबंधच नव्हता.

नमुनापाहणी
६२ वरून ३८, एवढा फरक योगायोगाने पडत नाही, हे नक्की. पण तुम्ही गटही बदललात आणि सुरुवातही, दोन्ही एकदम. त्यामुळे कशाने फरक पडला हे या आकड्यांवरून ना मी सांगू शकत, ना पहिलातास. पुढचा व्हिडिओ याच पद्धतीने, फॉलोअर वगळून टाका, पण सुरुवात जुनीच ठेवा, कोऱ्या कागदाची. ६० च्या आसपास गेले तर पहिलातास बरोबर, ४० च्या आसपास राहिले तर दोष गटाचा. मधेच कुठेतरी अडकलं तर दोन्हींचा वाटा. आणि शेवटपर्यंत किती जण टिकले तेही लिहा, पुढे का थांबला ते तिथे दिसेल.

रेघोटी
२६० पैकी ३१ जण शेवटपर्यंत होते. पापण्या काढायला सुरुवात होते तिथे, विसाव्या सेकंदाच्या आसपास, एकदम बरेच जण गेलेत. तो भाग मलाही लांबल्यासारखा वाटत होता. कोऱ्या कागदाचा शनिवारी टाकतो, आकडे इथेच देईन.