मदत हवी आहे: परवा लिस्टिंग आहे, पहिला भाव ठरतो कसा? आणि अंडररायटर असताना शेअर पडतो कसा?

इंदूरची_मृणाल
नमस्कार, बाबांनी (रिटायर्ड, वय ७१) राजवाड्याजवळच्या त्यांच्या नेहमीच्या ब्रोकरकडून एका आयपीओला अर्ज केला होता आणि एक लॉट लागलाय, भाव ५०० रुपये. परवा लिस्टिंग आहे. बाबांना सकाळीच विकून मोकळं व्हायचंय, पण भाऊ म्हणतो घाई कशाला, मोठमोठे अंडररायटर आहेत, ते ५०० च्या खाली जाऊच देणार नाहीत, थांबा. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. अंडररायटर खरंच अशी हमी देतो का? आणि लिस्टिंगच्या दिवशी तो पहिला आकडा येतो कुठून, कंपनी ठरवते की एक्स्चेंज? बाबांनी ऑर्डर किती वाजता आणि कुठल्या भावाला टाकायची? कुणी नीट सांगेल का, घरात रोज यावरून वाद चाललाय.

केदार_बडोदा
भाऊ बरोबर आहे तुझा. अंडररायटर म्हणजे जे शेअर कुणी घेत नाही ते तो स्वतः घेतो, मग त्याच्याच गळ्यात माल पडल्यावर तो भाव पडू देईल का? अमेरिकेत तर बँका सगळा इश्यू आधी स्वतः विकत घेतात आणि लिस्टिंगनंतर भाव घसरला तर बाजारातून खरेदी करून सावरतात, ग्रीनशू म्हणतात त्याला.

भाऊसाहेब_लष्कर
ग्वाल्हेरहून विचारतोय, मला लागला नाही पण यूपीआयचं मॅन्डेट अजून ब्लॉक दिसतंय, पैसे कधी सुटतात?

दांडियाबाजार_काका
भाऊसाहेब, अलॉटमेंटनंतरच्या कामाच्या दिवशी सुटायला हवेत, तोपर्यंत नाही सुटले तर बँकेकडे तक्रार करा.

आता मृणाल. मी मुंबईत मर्चंट बँकरकडे बरीच वर्षं होतो, आता बडोद्यात असतो. केदारने अमेरिकेचं बरोबर सांगितलं पण ते इथे तसंच्या तसं लागू होत नाही. आपल्याकडे बुक बिल्डिंगच्या, म्हणजे बोली मागवून भाव ठरवणाऱ्या इश्यूत अंडररायटिंगचा करार बहुतेक वेळा भाव ठरल्यावर, म्हणजे बोली बंद होऊन बुक भरल्यावर होतो. त्यामुळे त्याची जबाबदारी काय उरते, तर बोली लागली पण पैसे आले नाहीत किंवा अर्ज बाद झाला, तेवढ्यापुरती. इश्यूच भरला नाही तर अंडररायटर धावत येत नाही, नवे शेअर ९० टक्क्यांपर्यंत विकले गेले नाहीत तर सगळ्यांचे पैसे परत होतात. आणि लिस्टिंगनंतरच्या भावाशी त्या कराराचा काहीच संबंध नाही. ग्रीनशू आपल्या नियमातही आहे, इश्यूच्या १५ टक्क्यांपर्यंत, पण फार क्वचित कुणी वापरतं.

पेटीएम आठवा. नोव्हेंबर २०२१, इश्यूचा भाव २१५०, बँकर सगळे नावाजलेले, एनएसईवर उघडला १९५० ला आणि त्याच दिवशी बंद झाला १५६० च्या आसपास. एलआयसीचा मे २०२२ मध्ये ९४९ होता, पॉलिसीवाल्यांना ६० रुपये सूट म्हणजे ८८९ ला पडला, आणि एनएसईवर उघडला ८७२ ला. कुणी हात दिला नाही, कारण तसं कुणाचं कामच नव्हतं.

इंदूरची_मृणाल
बापरे, हे भावाला वाचून दाखवते. पण काका मग ५०० तरी कुणी ठरवले? बाबा म्हणतात आम्ही कट-ऑफला टिक केलं म्हणजे आम्हीच बोली लावली.

दांडियाबाजार_काका
कट-ऑफ म्हणजे जो ठरेल तो भाव मान्य, त्यात बाबांचं मत कुठे आलं? खरं काम आधीच होतं. बँकर मोठ्या फंडांकडे जाऊन महिनोन्महिने विचारतात की या कंपनीला तुम्ही किती द्याल, त्यातून भावाचा पट्टा निघतो, खालचा आणि वरचा आकडा. पट्ट्याचा वरचा आकडा खालच्याच्या १२० टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, मग इश्यू उघडण्याच्या आदल्या दिवशी अँकर गुंतवणूकदारांना, म्हणजे आधीच शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांना वाटप होतं. म्हणजे सामान्य माणसासाठी दार उघडतं तेव्हा भाव जवळपास ठरलेलाच असतो. टाटा टेक्नॉलॉजीजचा पट्टा ४७५ ते ५०० होता, मागणी जवळपास ६९ पट आली, तरी भाव ५०० च, वर सरकायला जागाच नाही. पट्टा बदलता येतो, पण मग बोलीचे दिवस वाढवावे लागतात, म्हणून कुणी सहसा त्या वाटेला जात नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला टाटा टेक्नॉलॉजीजचा शेअर १२०० ला उघडला.

केदार_बडोदा
म्हणजे बँकरने कंपनीचं नुकसानच केलं ना मग? मधले ७०० रुपये कंपनीला मिळायला हवे होते.

दांडियाबाजार_काका
कंपनीला नाही, तो पूर्ण ऑफर फॉर सेल होता, म्हणजे आपले जुने शेअर विकणारे टाटा मोटर्स आणि दोन फंड. पण मुद्दा बरोबर आहे, स्वस्तात गेलं ते विकणाऱ्याचं गेलं. बँकर मुद्दाम कमी ठेवतात का यावर आमच्यातच भांडणं व्हायची. बँकरची फी इश्यूच्या रकमेवर असते म्हणून त्यालाही जास्त भाव बराच, पण तेच फंड त्याच्या पुढच्या इश्यूलाही लागतात, त्यांना नाराज कोण करणार. माझं मत विचाराल तर दुसरं कारण जड आहे.

आता पहिला आकडा. लिस्टिंगच्या दिवशी ९ ते १० खास प्री-ओपन असतं. पावणेदहापर्यंत ऑर्डर घेतात, मग जुळवणी, नेहमीचे सौदे १० ला. ज्या भावाला सगळ्यात जास्त शेअर जुळतात तो पहिला भाव. समजा खरेदीवाले ५४० ला १०००, ५३० ला २०००, ५२० ला ४००० आणि ५०० ला ६००० मागतायत. विकणारे ५०० ला १५००, ५२० ला २०००, ५३० ला ३०००. ५०० ला पाहिलं तर घेणारे ढीगभर पण विकणारे १५०० च, म्हणून १५०० जुळतात. ५३० ला विकायला ६५०० तयार पण घेणारे ३०००. ५२० ला घेणारे ७००० आणि विकायला ३५००, म्हणून ३५०० जुळतात, तेच सगळ्यात जास्त. शेअर ५२० ला उघडला. आणि मृणाल, ज्याने ५०० ला विकायला टाकले त्यालाही ५२० च मिळतात. ५३० वाल्याची ऑर्डर तशीच १० नंतरच्या बाजारात जाते.

म्हणून बाबांना खरंच उघडतानाच विकायचं असेल तर साडेनऊच्या आत, ज्याच्या खाली अजिबात नको तो भाव लिहून लिमिट ऑर्डर. उगाच वरचा आकडा टाकला तर राहून जाईल. आदल्या संध्याकाळी डीमॅटमध्ये शेअर आलेत का बघा, आणि स्वतः अॅपवरून विकणार असाल तर डीमॅटमधून शेअर काढायला टीपिनची परवानगी आधी लागते का ते ब्रोकरला विचारून ठेवा, कारण ऐनवेळी ओटीपी येत नाही आणि तिकडे वेळ निघून जातो.

केदार_बडोदा
ठीक काका, पण माझा मेहुणा हालोलला फॅक्टरीवाला आहे, त्यांचा एसएमई, म्हणजे लहान कंपन्यांसाठीचा आयपीओ येतोय, तिथे लीड मॅनेजरने शंभर टक्के अंडररायटिंग लेखी दिलंय. मग ते?

दांडियाबाजार_काका
एसएमईत ते सक्तीचंच आहे, त्यातले १५ टक्के लीड मॅनेजरला स्वतःच्या खात्यावर घ्यावे लागतात, शिवाय ३ वर्षं मार्केट मेकर ठेवायचा असतो. म्हणजे पैसे उभे राहतील ही हमी खरी. पण मार्केट मेकर दोन्ही बाजूंना भाव देत राहतो, एकाच भावाला धरून ठेवत नाही. मेहुण्याला सांगा, गुंतवणूकदारांना भावाचं आश्वासन तोंडी सुद्धा देऊ नका.

इंदूरची_मृणाल
काका, बाबा ४९० ला लिमिट टाकायचं म्हणतायत. एक राहिलं, जर ४९० च्याही खाली उघडला तर काय? आणि अँकरवाल्यांनी पहिल्याच दिवशी विकायला काढलं तर?

दांडियाबाजार_काका
अँकर त्या दिवशी विकू शकत नाहीत, निम्म्याला ३० दिवस आणि बाकीच्याला ९० दिवस कुलूप असतं. तो माल महिन्याने येतो, त्या तारखेकडे लक्ष ठेवा. ४९० च्या खाली उघडला तर बाबांची ऑर्डर पडून राहील आणि १० नंतर ठरवावं लागेल. इश्यू अडीचशे कोटींपेक्षा मोठा असेल तर उघडलेल्या भावापासून वर किंवा खाली २० टक्के जायला मोकळीक असते, आणि लहान असेल तर ५ टक्केच, शिवाय त्यात त्याच दिवशी घेऊन विकता येत नाही. तुमचा इश्यू किती कोटींचा आहे?

इंदूरची_मृणाल
बघून सांगते, प्रॉस्पेक्टस बाबांच्या कपाटात आहे.