नवरात्राचे उपास आणि व्यायाम : वेळ, जोर, पाणी याबद्दल तुमचे अनुभव सांगा

पायवाट

घटस्थापना चार दिवसांवर आली, म्हणून विचारते. मी नऊही दिवस उपास करते आणि आमच्याकडे देवीचा उपास अळणी असतो, सैंधवसुद्धा चालत नाही. गेली चार वर्षं रोज सकाळी तासभर पळते.

मागच्या वर्षी तिसऱ्या माळेला पळून आले, लगेच कढत पाण्याने अंघोळ केली आणि बाहेर येताना डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत धरून खाली बसले. पाणी कमी पडलं असणार, असं समजून दुसऱ्या दिवशी पळण्याआधी अर्धा लिटर आणि आल्यावर दोन तासांत दोन लिटर पाणी प्यायले. त्या दिवशी चक्कर आली नाही, पण डोकं ठणकत राहिलं, मळमळत होतं, बोटातली अंगठी घट्ट झाली. लघवी अगदी पाण्यासारखी होती, म्हणजे पाणी नक्कीच कमी नव्हतं. मग चुकलं काय?

उपास सोडायचा नाही आणि व्यायामही बंद करायचा नाही. तुम्ही स्वतः काय करता ते सांगा.

माणदेशी

ताई, नारळपाणी घ्या. मी नवरात्रात जिम चालू ठेवतो, वजनं नेहमीपेक्षा कमी उचलतो आणि संपल्यावर एक शहाळं पितो. त्यात सगळे क्षार असतात, वेगळं मीठ लागत नाही. मला आजवर काही झालेलं नाही. फक्त साबुदाण्याची खिचडी खाऊन लगेच जिमला जाऊ नका. शेंगदाण्याचं कूट आणि तूप पोटात तीन तास बसून राहतं, वाकलं की घशाशी येतं. वरीचे तांदूळ आणि ताक त्यामानाने हलकं.

निवृत्त पीटी मास्तर

खिचडीचं बरोबर आहे, शहाळ्याचं अर्धं बरोबर आहे. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम थोडं. घामातून मात्र मुख्यतः सोडियम जातं, म्हणजे आपलं साधं मीठच. माणदेशींना काही होत नाही, कारण पंख्याखाली अर्धा तास वजनं उचलताना घाम बेताचा येतो, आणि बहुधा त्यांच्या फराळात सैंधव असतं. सैंधव हेही मीठच आहे.

पायवाट, तुमच्या दोन दिवसांची दुखणी वेगवेगळी वाटतात. पहिल्या दिवशी अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही उतरलेलं, त्यात कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैलावल्या आणि रक्तदाब पडला. दुसऱ्या दिवशी मीठ गेलेलं तसंच राहिलं आणि वरून नुसतं पाणी आलं. रक्तातलं मीठ पातळ झालं की डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात. पुढे उलट्या होऊ लागल्या किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर आणखी पाणी न पाजता थेट दवाखाना गाठायचा.

अंदाजाने पिण्यापेक्षा एकदा घाम मोजा. पळण्याआधी लघवीला जाऊन वजन करा, आल्यावर घाम पुसून पुन्हा करा. समजा आधी 58.2 किलो भरलं, तासाभराने 57.5. वाटेत 200 मिली प्यायलात. म्हणजे 700 आणि 200 मिळून सुमारे 900 मिली घाम गेला. आल्यावर उतरलेल्या 700 च्या सव्वापट, म्हणजे पाऊण लिटरच्या थोडं वर, दोन-तीन तासांत घोटाघोटाने प्यायलं की पुरतं. तुम्ही दोन लिटर प्यायलात. पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं, तर समजायचं की पाणी जास्त झालं.

आता मीठ. ज्यांना सैंधव चालतं त्यांनी लिटरभर पाण्यात सपाट अर्धा चमचा सैंधव आणि सहा सपाट चमचे साखर घालून त्यातलं प्यावं. अळणी उपासाला ही वाट नाही. लिटरभर घामातून साधारण ग्रॅमभर सोडियम जातं, आणि पेलाभर दुधातून त्याचा दहावा भागच मिळतो. ते दूध-ताकाने भरून निघणार नाही. म्हणून घामच कमी गाळायचा. तासाऐवजी पंचवीस-तीस मिनिटं चालायचं. जोर इतकाच, की चालताना आरतीचं एक कडवं न थांबता म्हणता यावं. दम लागून शब्द तुटला की वेग कमी करा.

वेळ मी संध्याकाळची सांगेन. दुपारच्या फराळानंतर अडीच-तीन तासांनी, ऊन उतरल्यावर.

रानवारा

मास्तर, संध्याकाळ मला कधीच जमली नाही. दिवसभर फक्त फळांवर असते, पाचनंतर पाय उचलत नाहीत. पहाटे अर्धं केळं आणि कपभर दूध घेऊन सूर्यनमस्कार घालते, चोवीसऐवजी बारा, सावकाश. आदल्या रात्रीचा फराळ तेव्हा अंगात असतो असं मला वाटतं.

निवृत्त पीटी मास्तर

एकदाच रात्री जेवणाऱ्यांना पहाट बरी पडते, हे खरं. दोन्ही वेळा करून बघा आणि ज्या वेळी पाय हलके वाटतात ती ठेवा.

खाडीकाठ

आमचा उपास वेगळा, पण पाण्याचा प्रश्न तोच म्हणून लिहितो. मी रत्नागिरीजवळचा, रोजे ठेवतो. 2019 साली रमजान मे महिन्यात आला होता. कोकणातल्या त्या दमट हवेत रोज्यात दुपारी साडेचारला क्रिकेट खेळायला गेलो. तासाभरात पोटऱ्यांत गोळे आले आणि इफ्तारला अजून दीड तास. तो दिवस विसरत नाही.

तेव्हापासून मगरीबच्या आधी अर्धा तास नुसतं चालतो, कारण चालणं संपतं आणि लगेच पाणी मिळतं. जोर लावायचा व्यायाम रात्री, तरावीहच्या नमाजानंतर. इफ्तारला खजूर आणि दोन पेले पाणी, मग पहाटेच्या सहरीपर्यंत दर तासाला एक पेला. आधी मी सहरीला एकदम लिटरभर प्यायचो. ते तासाभरात लघवीवाटे निघून जायचं आणि दुपारी तोंड कोरडं ते कोरडंच.

गुलमोहर

नऊ दिवस राजगिरा लाडू, ताक आणि रोज एक तास पळणं. तीन किलो उतरले! वजन कमी करायला नवरात्र उत्तम.

रानवारा

गुलमोहर, प्रश्न वजनाचा नाहीये. आणि दसऱ्यानंतर आठवड्याने पुन्हा बघा. त्या तीन किलोंत पाणी बरंच असतं.

लेकुरवाळी

आमच्या बाबांचं सांगते. त्यांना मधुमेह आहे, साखर उतरवणारी गोळी रोज सकाळी. दुसऱ्या माळेला गोळी घेतली, फराळ नंतर करू म्हणाले आणि फिरायला गेले. परत आले तेव्हा शर्ट थंड घामाने भिजलेला, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. उन्हाने झालं असेल असं आम्हाला वाटलं. घरच्या यंत्रावर बघितलं तर 58. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, मग दूध आणि केळं.

डॉक्टरांनी सांगितलं की 70 च्या खाली आकडा आला की उपास तिथेच थांबवायचा. गोळीची मात्रा आणि वेळ उपासाआधीच त्यांनी ठरवून दिली. आता बाबा फराळानंतर दीड तासाने फिरतात, खिशात साखरेची पुडी ठेवतात आणि एकटे जात नाहीत. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्या घेणाऱ्यांनीही आधी विचारून घ्यावं.

पायवाट

मास्तर, आज सकाळी वजन करून पळाले. 59.1 वरून 58.0, वाटेत पाणी नाही. तासाला लिटरच्या वर घाम! काळ्या टीशर्टवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते, ते इतकी वर्षं मी नुसते धूत होते.

सासूबाईंशी बोलले. त्यांच्या सासूबाई शेतात राबायच्या, त्या सैंधव घ्यायच्या की नाही हे त्यांनाही आठवत नाही. त्या त्यांच्या मोठ्या जावेला फोन करणार आहेत. तोवर अळणीच धरून चालते आहे. पहिल्या माळेपासून संध्याकाळी साडेपाचला अर्धा तास चालणं, पळणं दसऱ्यानंतर. अंघोळ कोमट पाण्याने आणि घरी आल्यावर दहा मिनिटं बसून. चौथ्या माळेला वजनाचे आकडे टाकते.