मदत हवी आहे: नोकरीच्या लिंकवर क्लिक केलं, आता मेसेज थांबतच नाहीयेत

ऋतुजा_घणसोली
घाईत लिहितेय. काल दुपारी लिंक्डइनवर एका एचआरचा मेसेज आला. ऐरोलीत ऑफिस, दोन दिवस घरून काम, पगार आत्ताच्या दीडपट. मुलाखतीची वेळ निवडायला लिंक होती. लॉगिन केलं, पान नुसतं फिरत राहिलं. आज सकाळी माझ्या नावाने कॉलेजच्या मैत्रिणींना तसलेच मेसेज गेले! लिंक्डइनचा पासवर्ड बदलला, तरी दुपारी पुन्हा गेले. काय करू?

कळवेकर
फोन फॉरमॅट मार. व्हायरस आहे. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं.

मिलिंद_पाचपाखाडी
थांबा, फॉरमॅट नको. ऋतुजा, "लॉगिन केलं" म्हणजे नेमका कुठला पासवर्ड टाकलात? आणि काही फाइल उतरवली का?

वैशालीताई
माझ्या भाच्याकडून डेटा एंट्रीच्या कामासाठी अडीच हजार डिपॉझिट घेतलं आणि नंतर फोन बंद. १९३० ला लगेच फोन कर गं, पैसे अडकवून ठेवता येतात.

ऋतुजा_घणसोली
ताई, पैसे गेले नाहीत. फाइल नाही उतरवली. गुगलने साइन इन करा असं बटण होतं, जीमेलचा पासवर्ड टाकला. आणि ते खोटं कसं असेल? पानावर ४७ दिसत होतं, माझ्या फोनवर गुगलने खरंच विचारलं, मी ४७ दाबलं आणि पुढे गेलं.

मिलिंद_पाचपाखाडी
तिथेच घोळ आहे. फोनवरचा प्रश्न खराच होता, पण तो त्या चोराच्या लॉगिनसाठी आला होता. तुम्ही खोट्या पानावर जे टाकत होता ते त्यांचा सर्व्हर त्याच क्षणी खऱ्या गुगलला देत होता आणि गुगलने दाखवलेला आकडा तुम्हाला दाखवत होता. म्हणून तो जुळला. तुम्ही ४७ दाबलं आणि दार त्यांना उघडलं. ओटीपी असता तरी हेच झालं असतं.

म्हणजे गेलंय ते जीमेल. लिंक्डइनचा पासवर्ड शंभर वेळा बदला, ते "पासवर्ड विसरलो" दाबतात आणि मेल त्यांच्याच हातात पडते.

कळवेकर
म्हणजे मी म्हटलं तेच, पासवर्ड बदलायचा.

मिलिंद_पाचपाखाडी
तुम्ही फॉरमॅट म्हणाला होतात. असो. आधी गुगलचा पासवर्ड बदला. मग myaccount.google.com वर Security मध्ये Your devices पाहा, अनोळखी असेल त्याला बाहेर काढा. तिथेच रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल तुमचेच आहेत ना ते बघा. लिंक्डइन त्यानंतर: पासवर्ड पुन्हा बदला आणि Where you're signed in मधून सगळी सत्रं बंद करा. क्रम उलटा झाला की पुन्हा पहिल्यापासून.

ऋतुजा_घणसोली
एक विंडोज कॉम्प्युटर दिसतोय, माझा नाही. माझ्याकडे मॅक आहे. काढला. पण लिंक्डइनकडून पासवर्ड बदलल्याची एकही मेल मला आली नव्हती, असं कसं?

मिलिंद_पाचपाखाडी
जीमेल कॉम्प्युटरवर उघडा, फोनच्या अ‍ॅपमध्ये हे दिसत नाही. सेटिंग्जमध्ये Filters and Blocked Addresses.

ऋतुजा_घणसोली
बाप रे. linkedin शब्द असलेली प्रत्येक मेल थेट कचऱ्यात! मी असलं काही लावलं नव्हतं. ट्रॅशमध्ये नऊ मेल पडल्यात.

मिलिंद_पाचपाखाडी
उडवा तो नियम. शेजारच्या Forwarding मध्ये कुणाचा पत्ता नाही ना तेही बघा.

पारसिकचा_वारा
ऐरोलीत दीडपट पगार कुठली कंपनी देतेय? खरी असेल तर मलाही सांगा. :)

सायली_कोलशेत
विषय काय, तुम्ही काय विचारताय! ऋतुजा, क्रोममध्ये पासवर्ड सेव्ह करतेस का? गुगल खात्यात साठत असतील तर जीमेलच्या पासवर्डवर तेही उघडतात. मी असते तर बँकेपासून सुरुवात केली असती. आणि पासकी लाव, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन. ती खऱ्या पत्त्यावरच चालते, भलत्या पानावर उघडतच नाही.

कळवेकर
पासकी-बिसकी झेपत नाही. पत्ता नीट वाचला की झालं.

सायली_कोलशेत
काका, लोकलमध्ये उभ्याने फोनवर अर्धा पत्ता दिसतो. कोण वाचतं?

ऋतुजा_घणसोली
सेव्ह आहेत. चाळीसेक. बसते बदलत. एक राहिलं, तो मॅक ऑफिसचा आहे. सांगावं लागेल का? दुसरी नोकरी शोधत होते हे कळेल.

मिलिंद_पाचपाखाडी
हे आधी सांगायचं ना! ऑफिसचे पासवर्ड त्याच चाळीसात असतील तर आयटीला आजच सांगा. "खोट्या लिंकवर जीमेलचं लॉगिन गेलं" एवढं पुरे, लिंक कशाची होती ते ते विचारतील तेव्हा बघू.

सायली_कोलशेत
विचारणारच. मी तरी पूर्ण खरं सांगेन, लॉगमध्ये लिंक दिसतेच.

ऋतुजा_घणसोली
दोन सापडले ऑफिसचे. मॅनेजर सुट्टीवर आहे, आयटीला फोन लावतेय.

वैशालीताई
पैसे गेले नसले तरी cybercrime.gov.in वर तक्रार टाक. मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेव, तो एचआर प्रोफाइल उडवेल. मैत्रिणींना मात्र फोन करून सांग, मेसेजवर आता कोण विश्वास ठेवणार तुझ्या.