मदत हवी आहे: निकाल ६० वरून ७५ टक्के झाला, वाढ १५ टक्के लिहू की २५?

गणिताच्या बाई
नमस्कार मंडळी, शनिवारी पालकसभा आहे, त्याआधी अहवाल द्यायचाय आणि एका आकड्यावर गाडी अडलीये. दहावीच्या पूर्वपरीक्षेला गेल्या वर्षी माझ्या वर्गातली ४० मुलं बसली, गणितात २४ पास, म्हणजे ६० टक्के. यंदा ३६ बसली, २७ पास, म्हणजे ७५. मी लिहिलं "निकाल १५ टक्क्यांनी वाढला". मुख्याध्यापकांनी लाल पेनाने १५ खोडून २५ केलं, म्हणाले बाई, तुम्ही स्वतःची मेहनत कमी करून सांगताय. घरी येऊन एक्सेलमध्ये बघितलं तर दोन्ही येतात आणि दोन्हीपुढे टक्क्याचंच चिन्ह:

```
=C3-C2        15%
=(C3-C2)/C2   25%
```

मुलांना शेकडेवारी मीच शिकवते, त्यामुळे पालकांसमोर चुकीचा आकडा जायला नको. नक्की काय लिहू?

कोकणातला मास्तर
मुख्याध्यापक बरोबर आहेत. शेकडा वाढ काढताना वाढीला मूळ संख्येने भागायचं, १५ भागिले ६०, आले २५. तुमचं १५ सरळ चूक आहे.

आकडेमोड
मास्तर, भागाकार तुमचा बरोबर आहे, पण वाचणाऱ्याचं काय होतं ते बघा. वही ६० रुपयांची ७५ झाली तर फरक १५ रुपये आणि वाढ २५ टक्के, दोन वेगळे शब्द आहेत म्हणून कोणी चुकत नाही. इथे मूळ आकडाच टक्क्यात आहे, त्यामुळे "२५ टक्क्यांनी वाढला" वाचलं की पालक ६० त २५ मिळवून ८५ धरणार.
आता हेच नापासांच्या बाजूने करा. नापास ४० टक्के होते ते २५ झाले. वजाबाकी पुन्हा १५, पण भागाकार केला तर घट साडेसदतीस टक्के. वर्ग तोच, मुलं तीच, पासकडून बघितलं तर २५ आणि नापासकडून ३७.५, मात्र १५ दोन्हीकडे १५ च राहतं. म्हणून निकालासाठी मी वजाबाकीच देतो, फक्त तिला नुसतं टक्के म्हणत नाही, पर्सेंटेज पॉइंट म्हणतो.

सातारकर आई
माझ्या मुलीला नववीत ६२ टक्के होते, आता ७१ आलेत, तर मी तिची प्रगती ९ टक्के सांगू की साडेचौदा? क्लासवाले साडेचौदा सांगतायत.

आकडेमोड
ताई, बाईंचा प्रश्न किती मुलं पास झाली याचा आहे आणि तुमचा एका मुलीच्या मार्कांचा, पण घोळ तोच. "६२ वरून ७१ वर गेली" एवढंच सांगा, भागाकाराची गरजच नाही.

पेपर वाचणारा
पण पेपरात तर सर्रास नुसतं टक्केच लिहितात की. राज्य बोर्डाचा दहावीचा निकाल २०२४ ला ९५.८१ होता, २०२५ ला ९४.१०, आणि सगळीकडे १.७१ टक्क्यांनी घट. कोणाचंच काही अडलं नाही.

आकडेमोड
अडलं नाही कारण आकडा शंभराजवळ आहे. १.७१ ला ९५.८१ ने भागलं तर १.७८ येतं, फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. मूळ आकडा जितका खाली तितके हे दोन लांब जातात. एखाद्या वर्गाचा निकाल २० वरून ३० झाला तर वजाबाकी १० आणि भागाकार थेट ५०.

गणिताच्या बाई
आता पटलं. मग "२५ टक्के जास्त मुलं पास झाली" असं तरी म्हणता येईल का? मुख्याध्यापकांना २५ हवाच आहे.

आकडेमोड
नाही बाई, ते तर पूर्णच चुकेल. मुलं २४ ची २७ झाली, म्हणजे तीन जास्त, साडेबारा टक्के. २५ ही पास होण्याच्या प्रमाणातली वाढ आहे, डोकी मोजली तर ती नाही, कारण यंदा वर्गच ४ ने लहान आहे. आणि ३६ च्या वर्गात एक मूल इकडचं तिकडे झालं की निकाल पावणेतीनने हलतो, म्हणून टक्क्यांशेजारी मुलांचे आकडे द्याच.

कोकणातला मास्तर
डोक्यांचा मुद्दा मान्य. पण २५ ला चूक म्हणू नका, "गेल्या वर्षीच्या प्रमाणाच्या तुलनेत" असं पुढे लिहिलं तर तो चालतो. आणि पर्सेंटेज पॉइंट आमच्या गावच्या पालकांना कळणार नाही.

गणिताच्या बाई
मी असं लिहिलंय: "गणितात गेल्या वर्षी ४० पैकी २४ (६० टक्के) उत्तीर्ण झाले, यंदा ३६ पैकी २७ (७५ टक्के), उत्तीर्णांचं प्रमाण १५ टक्के-अंकांनी वाढलं." मुख्याध्यापकांना उद्या दाखवते. "टक्के-अंक" की "टक्केवारी बिंदू", कोणता शब्द पालकांना सोपा पडेल?

सातारकर आई
बाई, मला दोन्ही नाही कळले, पण ४० पैकी २४ आणि ३६ पैकी २७ लगेच कळलं.